पांढरी साडी, उलटं जानवं : पोशाख-संचाच्या नोंदी

६ जानेवारी

आज सकाळी फोन आला आणि त्यातूनच हे काम सुरू झालं. गेल्या आठवड्यात एका घरातून तेराव्यासाठी फोटो मागितला होता. आजींचा एकच बरा फोटो होता, पण तो स्वयंपाकघरात काढलेला, अंगावर घरातली विटकी साडी, खांद्यावर नॅपकिन. चेहरा मात्र छान, अगदी समोर बघणारा. आपण नेहमी करतो तसं केलं. मान आणि चेहरा ठेवला, खाली आपल्या कापून ठेवलेल्या पोशाखांच्या संचातली साडी बसवली, मागे साधी राखाडी पार्श्वभूमी. कामाच्या कागदावर ‘श्रद्धांजली’ लिहिलं होतं, म्हणून भाच्याने पांढरी, बारीक काठाची साडी निवडली. मीही बघितलं आणि मान हलवली.

फोनवर त्यांच्या सूनबाई होत्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. “आई सवाष्ण गेल्या हो. हिरवी साडी नेसवून, मळवट भरून पाठवलं आम्ही त्यांना. आणि तुम्ही फोटोत पांढरं नेसवलंत? बाबा समोर बसलेत, त्यांना कसा दाखवू हा फोटो?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दुपारी दोनपर्यंत नवा फोटो करून दिला. हिरवी काठपदराची साडी आणि मूळ फोटोतलं कुंकू जसंच्या तसं. फोटो कमरेच्या वर कापलेला असल्याने बांगड्यांचा प्रश्न आला नाही. आला असता तर हिरव्याच लागल्या असत्या.

संध्याकाळी भाच्याला म्हटलं, आता हा संच मुळापासून लावू. त्याचं म्हणणं, “आत्या, दुःखाचा फोटो म्हणजे पांढरं, असंच लिहिलंय ना आपल्या फोल्डरवर.” लिहिलंय खरं. मीच लिहिलं होतं, चार वर्षांपूर्वी.

८ जानेवारी

संचात एकूण २१२ कटआउट निघाले. साड्या, सदरे, कोट, धोतरं, उपरणी, चार फेटे, दोन पगड्या. फोल्डर तीन : लग्न, देऊळ, श्रद्धांजली. आज दिवसभर एकेक उघडून बघितलं आणि घोळ लक्षात आला. आपण कपड्याला प्रसंगाचं नाव देऊन मोकळे झालो होतो. फोटोत आहे कोण, हे त्यात कुठेच नव्हतं.

तेराव्याचा एकच फोटो घ्या. गेलेली बाई सवाष्ण असेल तर हिरवं आणि कुंकू. गेलेल्या गृहस्थांचा फोटो असेल तर त्यांचा नेहमीचा सदरा-टोपी किंवा कोट, जे ते घालत असतील ते. त्यात शोकाचा असा वेगळा रंग नसतोच. पांढरा रंग असतो तो बहुतेक भेटायला येणाऱ्यांच्या अंगावर. म्हणजे ज्याच्यासाठी शोक चाललाय त्याला आपण शोक करणाऱ्याचे कपडे घालत होतो. इतकी साधी गोष्ट चार वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

फोल्डरची नावं काढून टाकली. आता फाइलच्या नावात कपड्याचं वर्णन तेवढं : साडी, सहावारी, हिरवी, काठपदर, पदर डावा. कामाच्या कागदावर मात्र तीन ओळी वाढवल्या. फोटो कोणाचा आणि त्या व्यक्तीचं आज काय आहे (हयात, गेलेली, जोडीदार हयात की नाही). फोटोत आणखी कोण आहे. आणि फोटो कुठे लागणार आहे. दुसरी ओळ भाच्याला जास्तीची वाटते. असू दे, राहू दे.

११ जानेवारी

आजचा दिवस कुंकवाचा.

संचाच्या निमित्ताने जुनी कामं चाळत होते. एका मुंजीच्या अल्बममध्ये मुलाच्या मावशीचं कपाळ कोरं दिसलं. मूळ फोटो काढून बघितला तर बारीक मरून टिकली आहे. पुसली कोणी? आपणच. चेहरे साफ करताना हीलिंग ब्रश गोल आकाराचा घेऊन मुरमं, डाग, मस टिपत जातो. टिकली लहान असेल आणि रंग त्वचेला जवळचा असेल तर हात तीही टिपतो. साठ फोटो ओळीने साफ करताना हे कधी झालं कळतही नाही. त्या बाईंनी कधी तक्रार केली नाही. कदाचित अल्बम मिटून ठेवला असेल. सवाष्णीचं कुंकू पुसलं जाणं याचा अर्थ आपल्याकडे सांगावा लागत नाही.

उपाय साधा आहे. साफसफाई सुरू करायच्या आधी कपाळाचा चौकोन निवडायचा, तो वेगळ्या लेयरवर उचलून कुलूप लावायचं, आणि काम संपल्यावर तो लेयर लावून-काढून बघायचा. काही बदललेलं दिसलं तर परत आणायचं. दर चेहऱ्यामागे दहा-बारा सेकंद जास्त. मंगळसूत्राचंही असंच होतं, पण उलट बाजूने : कपडे बदलताना नवा ब्लाउज मानेपर्यंत येतो आणि खाली मंगळसूत्र झाकलं जातं. आता पोशाख बसवायच्या आधी गळ्यातलं सगळं वेगळं कापून घ्यायचं आणि शेवटी सगळ्यांत वर ठेवायचं.

भाच्याने विचारलं, मग विधवा बाईंच्या कपाळावर टिकली दिसली तर काढायची का. नाही. बिलकूल नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कितीतरी बायका त्याच्या आधीपासूनच लावत आल्यात. लावायचं की नाही, हे त्या बाई ठरवणार. मूळ फोटोत आहे ते ठेवायचं, नाही ते घालायचं नाही. बदल हवाच असेल तर विचारायचं, आणि ज्यांचं कपाळ आहे त्यांनाच विचारायचं.

१५ जानेवारी

आज एक जुनी भानगड कागदावर आणतेय. कपड्यांइतकीच ती फोटो उलटवण्याची आहे.

मागच्या वर्षी एका लग्नाच्या अल्बमच्या जोडपानावर डावीकडे वधूची आई आणि उजवीकडे वडील हवे होते. दोघांची तोंडं आत, एकमेकांकडे. वडिलांचा कन्यादानाच्या वेळचा फोटो सुरेख होता : पीतांबर, उघडं अंग, जानवं, हातात पळी. पण ते बघत होते पानाच्या बाहेर. आपण काय केलं? फोटो आडवा उलटवला. चेहरा आत वळला, पान जमलं. अल्बम घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या थोरल्या भावांचा निरोप आला, “कन्यादान करताना आमचा भाऊ अपसव्य कसा बसलाय?”

जानवं देवकार्यात डाव्या खांद्यावरून उजव्या हाताखाली असतं. ते सव्य. पितरांच्या कार्यात उजव्या खांद्यावर घेतात. ते अपसव्य. फोटो उलटवला की डावा खांदा उजवा होतो, म्हणजे लग्नाच्या विधीत बसलेला माणूस श्राद्धाला बसल्यासारखा दिसतो. एक रंग न बदलता, एक कपडा न बदलता. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना दुसरं काही दिसत नाही.

हा किस्सा ऐकून भाच्याने आज उत्साहात एक वेगळाच गोंधळ घातला. एका घराच्या जुन्या फोटोंत नदीकाठी बसलेले गृहस्थ होते, जानवं उजव्या खांद्यावर. “हा पण उलटा छापलाय,” म्हणून त्याने सरळ करून टाकला. समोर दर्भ, पिंड, तीळ. मुलगा वडिलांचं कार्य करतोय. तिथे अपसव्यच बरोबर होतं. परत उलटवून दिला.

म्हणून जानव्यावरून फोटो उलटा की सुलटा ठरवायचं नाही. फोटोची बाजू दुसऱ्या खुणांनी ठरवायची, आणि मग जानवं काय सांगतंय ते वाचायचं. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे आपल्याला समोरून बघताना उजवीकडे. शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. बाईच्या अंगावर आपली नेहमीची सहावारी किंवा नऊवारी असेल तर पदर डाव्या खांद्यावर, आणि नथ डाव्या नाकपुडीत. (गुजराती पद्धतीत पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो, त्यामुळे पदर एकटा पुरावा नाही.) मागे पाटी, कॅलेंडर, घड्याळ काही असेल तर प्रश्नच मिटला. उघड्या अंगाच्या माणसाच्या फोटोत यातलं काही नसतं, तेव्हा त्याच प्रसंगाचे आणखी फोटो मागून घ्यायचे.

१६ जानेवारी

कालचंच पुढे. फोटो उलटा येतो कुठून, याची यादी केली तर तीन वाटा निघाल्या. एक, आपण स्वतः उलटवतो. दोन, फोनचा पुढचा कॅमेरा : काही फोन आरशात दिसतं तसंच चित्र साठवतात. तीन, जुनी निगेटिव्ह चुकीच्या बाजूने ठेवून छापलेली किंवा स्कॅन केलेली. तिसरी सगळ्यांत फसवी, कारण कागदावरचा फोटो जुना दिसतो आणि जुन्या गोष्टीवर आपण शंका घेत नाही.

फाइलमध्ये दिशेची नोंद असते ती बघायला exiftool या प्रोग्रॅमची एक ओळ पुरते :

```
exiftool -n -Orientation photo.jpg
```

उत्तर १ आलं तर चित्र सरळ आहे. ३, ६ किंवा ८ आलं तर नुसतं फिरवलेलं आहे. २, ४, ५ किंवा ७ आलं तर आरशासारखं उलटं. पण उलटवून पुन्हा साठवलेल्या फाइलमध्ये उत्तर बहुतेक १ च येतं किंवा काहीच येत नाही, माग राहत नाही. म्हणजे ही ओळ दोष दाखवू शकते, निर्दोष असल्याचा दाखला देऊ शकत नाही. शेवटी खिसाच बघावा लागतो.

संचातल्या पोशाखांनाही हाच नियम लावला. भाच्याने जागा वाचवायला एकाच साडीची उलटी प्रत करून दोन फाइली केल्या होत्या, म्हणजे डावीकडे वळलेल्या बाईलाही चालेल आणि उजवीकडे वळलेल्या बाईलाही. अशा उलट्या प्रती ३१ निघाल्या. सगळ्या काढल्या. पदर उजवा झालेली साडी कोणाचा अपमान करत नाही, पण बाई दुसऱ्याच प्रांतातली वाटते, आणि तिच्या घरचे ‘काहीतरी वेगळं दिसतंय’ म्हणत फोटो दहा वेळा परत पाठवतात. ते का, हे आज कळलं.

२० जानेवारी

योगायोग असा की आज परदेशातल्या एका मराठी घराचं काम आलं. सूनबाई जपानी. लग्न दोन पद्धतींनी झालं, आणि किमोनोतला तिचा फोटो मराठी पद्धतीच्या फोटोशेजारी एका चौकटीत हवाय. मांडणीसाठी किमोनोचा फोटो उलटवला तर चौकट सुंदर बसते. हात माउसवर गेला होता.

किमोनो पुरुषाचा असो की बाईचा, डावी बाजू उजव्या बाजूवर येते. समोरून बघताना गळ्याशी इंग्रजी y अक्षर दिसतं. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मृताच्या अंगावर, अंत्यविधीच्या वेळी. जपानीत या उलट्या पद्धतीला ‘हिदारिमाए’ म्हणतात. म्हणजे तो फोटो उलटवून आम्ही नव्या नवरीला प्रेताचे कपडे घातले असते. आणि सासरच्या दिवाणखान्यात तो लागला असता, जिथे तिच्याशिवाय कोणालाच कळलं नसतं. तिने कदाचित कधी सांगितलंही नसतं.

मांडणी बदलली. दोन्ही फोटोंतली तोंडं एकाच दिशेला राहिली, मधे रिकामी जागा जास्त ठेवली. जोडपान म्हणून तितकं जमलेलं नाही. चालेल.

भाच्याने कामाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : माणूस उलटवायचा नाही, पान बदलायचं.

२७ जानेवारी

रंगाचं काम. यात फार नाही, पण एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

लग्नाच्या फोटोत काळं नको, हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईकही तेच सांगतं : मागे उभ्या असलेल्या कोणाची काळी साडी बदलून द्या. ते सोपं. अवघड आहे ते न मागता होणारं काळं. गडद हिरवा शालू, वांगी रंगाची पैठणी, नेव्ही निळा कोट. पडद्यावर रंग नीट दिसतो. मग कोणीतरी चेहऱ्याला उठाव यावा म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवतं, फोटो मॅट कागदावर छापला जातो, आणि नवरी काळा शालू नेसून उभी. आज पाच फोटोंवर चाचणी घेतली. लॅब मोडमध्ये साडीच्या सपाट भागावरचं एलचं, म्हणजे उजळपणाचं, माप बघितलं. आमच्या प्रिंटरवर आणि आमच्या कागदावर ते २५ च्या खाली गेलं की घरातले लोक रंग ‘काळा’ सांगतात. ३० च्या आसपास ठेवलं की ‘गडद हिरवा’ म्हणतात. दुसऱ्या प्रिंटरवर आकडा वेगळा येईल, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. साडीचा वेगळा मास्क करून तेवढीच उजळायची. काठाची जर त्यात धरायची नाही, नाहीतर ती खडूसारखी पांढरी होते.

आणि उलट बाजूही आहेच. भाच्याने नियम म्हणून नवविवाहित बाईच्या फोटोतली काळी साडी बदलायला घेतली. मी वेळेवर बघितलं. गळ्यात आणि हातात हलव्याचे दागिने! पहिली संक्रांत होती ती. काळी चंद्रकळा तर मुद्दाम घेतलेली असते.

३ फेब्रुवारी

देवळाचे फोटो. मला वाटलं होतं हे काम सोपं जाईल : अंगभर कपडे घाला, संपलं. पण तीन दिवस यातच गेले.

पहिली अडचण पायांची. संचातले उभे पोशाख बहुतेक बूट-चपलांसकट कापलेले आहेत. माणूस देवळाच्या आवारातल्या फरशीवर उभा केला की पायात चकचकीत बूट, आणि मागे शिखर. हे मी स्वतः किमान दोनदा करून दिलंय, आज जुन्या फाइलींत सापडलं. अनवाणी पाय नव्याने काढणं फार कठीण. बोटं, नखं, फरशीला टेकल्याची सावली, यातलं एक चुकलं की माणूस तरंगतो. म्हणून आता नियम असा की त्याच माणसाचे अनवाणी पाय दुसऱ्या फोटोत मिळाले तर घ्यायचे, नाहीतर फोटो गुडघ्यावर कापायचा. देवळाचं शिखर त्यात तसंही जास्त चांगलं बसतं.

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. देवळाचा पोशाख देवळागणिक बदलतोच, पण एकाच देवळात पायरीगणिकही बदलतो. महाद्वाराबाहेरच्या फोटोत चप्पल चालते. आवारात ती नाही. सभामंडपात नेहमीचे साधे कपडे. गाभाऱ्यात मात्र ठिकठिकाणी वेगळंच : वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून जावं लागतं. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात तर पुरुषांना दर्शनालाच मुंडू म्हणजे तिकडचं धोतर आणि उघडं अंग लागतं, आणि बायकांना साडीसारखं पायघोळ वस्त्र. सोवळं म्हटलं की चामड्याचा पट्टाही चालत नाही, आणि संचातल्या धोतरांपैकी दोनांवर पट्टा होता! मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तोकड्या आणि अंगप्रदर्शन करणाऱ्या कपड्यांवर बंदी जाहीर केली. तेव्हा आधी मागचं चित्र बघायचं : माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे? मग कपडा.

तिसरी गोष्ट निकालात काढली. गाभाऱ्यात मूर्तीशेजारी उभं करून द्या, अशी मागणी अधूनमधून येते. कितीतरी देवळांत आत फोटोच काढू देत नाहीत. तिथे कितीही बरोबर सोवळं नेसवलं तरी फोटो बघणारा पहिला प्रश्न विचारतो, हा काढू कसा दिला? ते काम घ्यायचं नाही असं ठरवलं. सभामंडपाच्या दारापर्यंत आणून उभं करू.

१० फेब्रुवारी

आतापर्यंतचं सगळं एका कामात आलं, म्हणून ते सविस्तर लिहितेय.

मुलीचं लग्न डिसेंबरात झालं. वडील सात वर्षांपूर्वी गेले. मुलीला घरच्यांच्या मोठ्या फोटोत वडील हवेत, आईच्या शेजारी, उभे. आईच्या शेजारी जागाही आहे, कोणीतरी बाजूला सरकल्यासारखी. मुलीने वडिलांचा एक कागदावरचा फोटो स्कॅन करून पाठवला : काळा कोट, पांढरा शर्ट, कुठल्यातरी समारंभातला. कोट काढून सदरा आणि डोक्याला फेटा, असं तिचं म्हणणं.

कागदावरच्या तीन ओळी भरल्या. वडील गेलेले. फोटोत शेजारी आई, हयात. फोटो लागणार मुलीच्या सासरी आणि आईच्या घरी, दोन्हीकडे.

अडलं ते दुसऱ्या ओळीवर. आईंनी लग्नात फिकट जांभळी साडी नेसली आहे, गळा आणि कपाळ मोकळं. शेजारी नवरा हसत उभा केला तर बघणाऱ्याची नजर आधी त्या कपाळावर जाईल. कुंकू लावून दिलं तर आई स्वतःला फोटोत बघतील आणि काय वाटेल, ते आपण कोण सांगणार. मुलगी म्हणाली, “लावा ना कुंकू, आईला आवडेल.” मी म्हटलं, आईंशी बोलायचंय.

१२ फेब्रुवारी

आई आल्या. मी दोन कच्चे नमुने करून ठेवले होते, पण दाखवले नाहीत, आधी विचारलं. त्या बराच वेळ लग्नाचा फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं कपाळ आहे तसं राहू दे. मी त्या दिवशी तशीच उभी होते. आणि हे शेजारी उभे नकोत. खुर्ची ठेवा, खुर्चीवर यांचा फोटो ठेवा. मांडवात ठेवला होता तसाच.”

मांडवात खरंच ठेवला होता. दुसऱ्या फोटोंत खुर्ची आहे, तिच्यावर तसबीर, पण काचेवर झगमग पडल्यामुळे आतलं काही दिसत नाही. म्हणजे काम सोपं झालं आणि खरंही : माणूस घुसवायचा नाही, काचेतली तसबीर तेवढी नीट करायची.

“हार?” मी विचारलं.

“हार नको. लग्नात नव्हता घातला.”

फेट्याचं ऐकून त्या हसल्या. “यांनी जन्मात फेटा बांधला नाही. बोडकेच फिरायचे. सदरा मात्र चालेल, पांढरा. कोट त्यांनी एकदाच घातला, तोही उसना.”

१४ फेब्रुवारी

तसबिरीचं काम. कोट काढून संचातला पांढरा सदरा बसवत होते. पांढराच, पण पांढऱ्याचाही प्रश्न होताच : शुभ्र पांढरा तसबिरीत शोकाचा वाटायला लागतो, म्हणून किंचित मोतिया केला आणि गळपट्टीची शिवण ठळक ठेवली, म्हणजे रोजचा, धुतलेला, घालून मऊ पडलेला कपडा वाटेल. उजेड मूळ फोटोत डावीकडून आहे, खुर्चीच्या फोटोत उजवीकडून. तसबिरीतला उजेड वेगळा असला तरी चालतो, तो दुसऱ्या दिवसाचा असतो. काचेवरची चमक मात्र उजवीकडूनच हवी, तीही अगदी हलकी.

सदरा बसेना. गळा तिरका येत होता, खांदे जुळत नव्हते. अर्धा तास ओढाताण केल्यावर मूळ स्कॅन पुन्हा मोठा करून बघितला. कोटाचा वरचा खिसा चुकीच्या बाजूला. बटणांची पट्टीही उलटी. निगेटिव्ह उलटी छापली गेली होती, तीही कोणे एके काळी, आणि तो फोटो घरात भिंतीवर लागलेला असणार. सदरा सुलटा, माणूस उलटा, मग बसणार कसा.

फळ्यावरच्या नियमानंतर पहिल्यांदाच माणूस उलटवला. म्हणजे सुलटा केला. सदरा एका झटक्यात बसला.

मग प्रश्न पडला की सांगायचं का. घरच्यांनी इतकी वर्षं उलटा चेहरा बघितलाय, तोच त्यांच्या ओळखीचा झाला असेल. सुलटा परका वाटला तर? दोन्ही छापले, पोस्टकार्डाच्या आकाराचे.

१७ फेब्रुवारी

आई एकट्याच आल्या. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले, काही न सांगता. त्यांनी सुलट्यावर बोट ठेवलं. “हे. भांग इकडेच पाडायचे. घरातल्या फोटोत काहीतरी चुकतंय असं मला नेहमी वाटायचं, पण म्हटलं, आपलीच आठवण.”

मग फोटो डोळ्यांजवळ नेला. “पेन राहिलं.”

खिशात पेन हवं होतं. शाईचं, सोनेरी क्लिपचं. त्यांच्या पर्समध्येच होतं ते. खिडकीपाशी उजवीकडून उजेड घेऊन पेनाचा फोटो काढला, क्लिप तेवढी कापून सदऱ्याच्या डाव्या खिशावर बसवली. चौकटीत ती चार मिलिमीटरचीही नाही. मोठा फोटो उद्या छपाईला जाईल.